छोट्या बिझनेसच्या पेजला ५००० फॉलोअर्स होतायत, थँक्यूची कॅप्शन कशी लिहू? शेअरसाठी भीक मागतोय असं वाटायला नको.

मी हाताने बांधलेल्या वह्या विकते, त्यामुळे माझंच उदाहरण देते. माझी पहिली कॅप्शन अशी होती: ‘वॉव! ५००० ची फॅमिली! तुमच्या प्रेमाशिवाय हे शक्य नव्हतं, असंच प्रेम राहू द्या, पोस्ट शेअर करा, तीन मैत्रिणींना टॅग करा.’ पोस्ट करायच्या आधी परत वाचली आणि लक्षात आलं की यातलं ‘५०००’ बदललं तर ही कॅप्शन कुठल्याही पेजला चालेल, वह्यांचा पत्ताच नाही.

मग फॉलोअर्समुळे नक्की काय बदललं ते आठवत बसले, जुन्या कमेंट्स उघडल्या, आणि सापडलं. नवीन लिहिली ती ही:

‘वही सपाट उघडत नाही, लिहिताना दाबून धरावी लागते, असं तुमच्यातल्या चौघींनी सांगितलं. म्हणून आम्ही पानं चिकटवणं सोडलं आणि दोऱ्याने शिवायला लागलो. वेळ दुप्पट लागतो, पण वही आता टेबलावर आपोआप सपाट उघडी राहते. आज इथे ५००० जण आहात. सांगत राहिलात, त्याबद्दल थँक्यू.’

बस, एवढंच. आकडा मुद्दाम खाली ठेवला, कारण इन्स्टावर पहिल्या एक-दोन ओळीच दिसतात, बाकीचं ‘more’ च्या मागे जातं, आणि तो आकडा फोटोवर मोठ्या अक्षरात असतोच ना. फोटो पण फुगे-बिगे नाही, उघडी वही आणि तिच्या मधल्या घडीतला दोरा दिसेल असा जवळून काढलेला.

चौघींची नावं टाकली नाहीत. टाकायची असतील तर आधी मेसेज करून विचारा, कमेंट केली म्हणजे पोस्टमध्ये नाव चालेल असं नसतं.

शेअर-टॅगचं म्हणाल तर ते नुसतं केविलवाणं दिसतं असं नाही, फेसबुकने २०१७ च्या डिसेंबरमध्येच सांगितलंय की ‘शेअर करा, टॅग करा’ म्हणून रिअ‍ॅक्शन ओढणाऱ्या पोस्ट ते फीडमध्ये खाली ढकलणार. म्हणजे मागूनही मिळत नाही! खरा प्रश्न विचारायला हरकत नाही, पण थँक्यूच्या पोस्टमध्ये मी तोही टाळते, आणि ‘आज १० टक्के सूट’ तर अजिबातच नको, मग आधीचं सगळं थँक्यू जाहिरातीची प्रस्तावना वाटतं. सूट द्यायचीये तर दोन दिवसांनी वेगळी पोस्ट करा.

आणि हो, बरोब्बर ५००० ला पोस्ट टाकू नका. फेक अकाउंट्स उडतात, कुणी अनफॉलो करतं, आणि पोस्टवर ५००० अन् वर प्रोफाइलवर ४९९७. माझं झालंय तसं, लोकांनी कमेंटमध्ये छान खेचली. आता तीस-चाळीस वर गेले की मगच टाकते.