आईबाबांचा अमेरिकेचा व्हिसा संपतोय? ड्रॉपबॉक्सबद्दल थोडं

ड्रॉपबॉक्स म्हणजे इंटरव्ह्यू न देता, नुसती कागदपत्रं देऊन व्हिसा रिन्यू करणं. अरे आधी जुन्या व्हिसावरची एक्स्पायरी डेट बघ, सगळं तिथेच अडतं. पूर्वी व्हिसा संपून ४८ महिने होईपर्यंत चालायचं पण फेब्रुवारी २०२५ पासून टुरिस्ट म्हणजे बी१/बी२ व्हिसाला फक्त १२ महिने आहेत, आणि एच१बी, एफ१ वाल्यांना तर सप्टेंबर २०२५ पासून इंटरव्ह्यू द्यावाच लागतो.

समज आईचा दहा वर्षांचा व्हिसा २० मार्च २०२६ ला संपला, तर मार्च २०२७ उजाडायची वाट बघू नकोस, स्लॉट मिळायला वेळ जातो. तो व्हिसा पूर्ण मुदतीचा हवा आणि मिळाला तेव्हा वय किमान १८ हवं, म्हणून लहानपणी व्हिसा काढलेली पोरं यात बसत नाहीत. मधे कधी रिजेक्शन झालं असेल तर डीएस-१६० या व्हिसाच्या फॉर्ममध्ये लपवू नकोस, त्यांच्याकडे रेकॉर्ड असतंच.

नवीन पासपोर्टसोबत जुना व्हिसा असलेला पासपोर्टही द्यावा लागतो, लोक नेमका तोच घरी विसरतात 😄 फोटो सहा महिन्यांच्या आतला हवा. आणि हो, सगळं बसत असलं तरी ऑफिसर इंटरव्ह्यूला बोलावू शकतो, म्हणून व्हिसा हातात आल्याशिवाय तिकीट काढू नकोस.