कर्ण म्हणून मी सात वर्षं मेलो आहे

प्रश्न : महाकाव्यांमध्ये हरलेले वीर जिंकलेल्यांपेक्षा जास्त का लक्षात राहतात? कर्ण, अभिमन्यू, रावण यांचं मरणच लोक पुन्हा पुन्हा का सांगतात?

रावणाचं दुसरं कोणी सांगेल. आमच्या विदर्भातच, अकोला जिल्ह्यातल्या सांगोळ्याला त्याची दहा तोंडांची मूर्ती आहे, लोक रोज पाया पडतात. तिकडच्या माणसानं लिहावं. मी फक्त कर्णाबद्दल बोलतो, कारण मंडईच्या जत्रेतल्या दंडारीत, म्हणजे गावच्या नाटकात, सात वर्षं कर्णाचं काम मी केलं आणि सातही वर्षं लोकांसमोर मेलो.

आमचं गाव वडसा भागातलं, धानाचं. दिवाळीनंतर मंडई भरते आणि रात्री दंडार होते. श्रीकृष्ण माझा मोठा भाऊ करायचा. आवाज त्याचा, पाठांतर त्याचं, मान त्याचा. अर्जुनाला फक्त उंच पोरगा लागायचा, तो दरवर्षी बदलायचा. पहिल्या वर्षी रथाचं चाक पुठ्ठ्याचं होतं. मी हात लावला आणि ते वाकलं. म्हणून दुसऱ्या वर्षी मी हट्टानं खऱ्या बंडीचं चाक आणलं, लोखंडी धाव असलेलं, आणि खड्डा खणून अर्धं पुरलं. प्रसंग आला. मी दोन्ही हातांनी आरे धरून जोर लावतो आहे, पेटी रडकं वाजवते आहे, आणि समोरून एक म्हातारा ओरडला, "अरे, वरतं कायले ओढतं? समोरची माती काढ पयले! बैल धराले मानूस कुठं आहे?"

सगळी मंडई हसली. बरोबरच होतं त्याचं. बांधीत रुतलेली बंडी असली निघत नाही. आधी ओझं उतरवायचं, चाकासमोरची माती खरडून दगड नाहीतर फांद्या टाकायच्या, दोघांनी आऱ्यांना खांदा द्यायचा आणि एकानं बैल हाकायचे. एकटा माणूस चाक वर उचलायला गेला तर पाठ मोडते, चाक तिथंच राहतं. हे समोर बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त कर्णाला आणि मला.

मला ते फार लागलं. तालुक्याच्या वाचनालयातून कर्णपर्वाचं भाषांतर आणलं आणि तो प्रसंग दहा वेळा वाचला. आमच्या दंडारीत नव्हतं असं बरंच त्यात सापडलं.

युद्धाचा सतरावा दिवस. इंद्रानं दिलेली शक्ती चौदाव्या रात्रीच घटोत्कचावर खर्च झालेली. नागबाण अर्जुनाच्या गळ्याशी येतो, कृष्ण रथ खाली दाबतो, आणि जातो फक्त मुकुट. मग ब्राह्मणाच्या शापानं चाक जमिनीत जातं, परशुरामाच्या शापानं अस्त्र आठवत नाही. सारथी शल्य, पांडवांचा मामा, ज्यानं कर्णाचं तेज घालवायचं वचन युधिष्ठिराला आधीच दिलेलं. म्हणजे बैल धरायला माणूस होता! पण चाकाला हात लावायला कर्ण एकटाच उतरतो. तो असा जोर लावतो की सात द्वीपांची पृथ्वी डोंगर-रानांसकट चार बोटं वर येते. चाक मात्र सुटत नाही. हे वाचल्यावर त्या म्हाताऱ्यावरचा माझा राग गेला. चाक ओढून निघणार नव्हतंच, जमिनीनंच ते धरून ठेवलं होतं.

पुढचं सगळ्यांना पाठ आहे. कर्ण म्हणतो, क्षणभर थांब, मी जमिनीवर आहे, तू रथात आहेस, धर्म आठव. आणि कृष्ण एकेक प्रसंग काढून विचारतो, तेव्हा तुझा धर्म कुठं गेला होता? दादा हे असं म्हणायचा की पोरं रडायची थांबायची.

पण त्यानंतरचं कोणी सांगत नाही. कर्ण लाजेनं मान खाली घालतो, एका शब्दानंही उत्तर देत नाही, आणि परत लढायला लागतो. त्याचा एक बाण अर्जुनाला असा बसतो की अर्जुन गरगरतो, गांडीवावरची पकड ढिली होते. आता विचार करा. समोरचा शत्रू भान हरपून बसला आहे, हातात धनुष्य आहे. कर्ण काय करतो? परत खाली उडी मारून चाकाला हात घालतो. अर्जुन सावरतो, कृष्ण म्हणतो हा रथावर चढायच्या आत डोकं उडव. आधी ध्वज तुटतो, मग अंजलिक बाणानं मान.

मी म्हणतो कर्ण मोठा झाला तो या एका उडीनं. दादा म्हणतो हा शुद्ध गाढवपणा.

या उडीवरून आम्हा भावांत वीस वर्षं वाद आहे, आणि खरं सांगायचं तर तो कर्णाचा नाही. माझ्या एका दोस्तानं ट्रॅक्टर काढला, मी जामीनदार झालो. दोन वर्षं पाऊस फसला, दोस्तानं हप्ते थकवले आणि गाव सोडलं. बँकेची नोटीस माझ्या दारात. दीड एकर बांधी विकून मी कर्ज भरलं. दोस्तानं थोडे पैसे दारूत घातले होते हे मला आधी माहीत होतं का? होतं. तरी सही केली, कारण आमचा बाप आजारी होता तेव्हा रात्री दोन वाजता स्वतःच्या बंडीत घालून त्याला दवाखान्यात नेणारा तोच होता. जमीन विकल्याच्या दिवशी दादा जेवायला बसला आणि सगळ्यांसमोर त्याच कृष्णाच्या आवाजात म्हणाला, "सही करतानी तुझी अक्कल कुठं गेली होती?" मी मान खाली घालून जेवलो. पुढच्या मंडईला मी कर्ण केला नाही.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. जिंकणाऱ्याला कामच नसतं. आमच्या दंडारीत अर्जुनाला शेवटी एक बाण मारायचा असे, मग तो अर्धा तास कमरेवर हात ठेवून उभा. त्या अर्ध्या तासात मरणारा बोलतो, आठवतो, दान देतो, आणि लोक उठून त्याच्या अंगावर नोटा लावतात. मला एका रात्रीत जेवढं बक्षीस मिळे तेवढं अर्जुनाला सात वर्षांत मिळालं नाही. त्यात मोठा वाटा सोन्याच्या दाताचा. कृष्ण ब्राह्मण होऊन येतो, मरणारा कर्ण दगडानं दात पाडून देतो. ही गोष्ट व्यासांच्या महाभारतात नाहीच! लोकांनी घातली. द्रौपदी भर सभेत "सूतपुत्राला वरणार नाही" म्हणते, ते वाक्यही पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीत मूळ संहितेत धरलेलं नाही. हरलेल्याच्या गोष्टीत अशी भर पडत जाते, कारण प्रत्येकाला वाटतं की याला अजून थोडं मिळायला पाहिजे होतं. अर्जुनाला आणखी काय देणार? त्याला सगळं मिळून चुकलं.

आणि जिंकल्यावर त्याचं पुढं काय होतं तेही बघा. मौसलपर्वात तोच अर्जुन द्वारकेच्या बायका-पोरांना घेऊन निघतो, वाटेत लाठ्या घेतलेले आभीर लुटायला येतात. गांडीवाला दोरी चढवताना त्याचा जीव जातो, अस्त्रं आठवत नाहीत, आणि त्याच्या डोळ्यांदेखत बायका पळवून नेल्या जातात. अस्त्र विसरणं कर्णाच्याच वाट्याला आलं होतं असं नाही. पण कर्ण लगेच मेला म्हणून ते वीरमरण झालं, अर्जुन जगला म्हणून ते म्हातारपण झालं. मौसलपर्वाची दंडार मी आजपर्यंत पाहिली नाही.

माझ्या मते मात्र खरं कारण उद्योगपर्वात आहे. कृष्ण कर्णाला रथात घेऊन सांगतो, तू कुंतीचा थोरला, ये, राज्य तुझं. कर्ण नाही म्हणतो. वर हेही म्हणतो की युधिष्ठिराला हे कळू देऊ नका, नाहीतर तो राज्य मला देईल आणि मी ते दुर्योधनाला देऊन टाकीन. आपण हरणार हे त्याला तेव्हाच दिसत होतं. हरणार हे माहीत असून ज्याचं मीठ खाल्लं त्याच्याकडून उभं राहणं, यात फसवणूक कुठं आहे? जामीनदाराच्या रकान्यात सही करणाऱ्या माणसाला विचारा. म्हणून सांगतो, दोस्तासाठी सही करायची तर नोटीस येणार असं धरूनच करा आणि नंतर दारोदार रडू नका. नसेल जमत तर आधीच नाही म्हणा.

एक गोष्ट मात्र कबूल करतो, नाहीतर दादा हे वाचून हसेल. भर सभेत द्रौपदीची वस्त्रं उतरवा असं म्हणणारा कर्णच होता. अभिमन्यूचं धनुष्य तोडणाऱ्यांतही तोच. विराटाच्या गाई वळवायला गेला तेव्हा अर्जुनापुढून पळालाही होता. हे तिन्ही प्रसंग आमच्या दंडारीत आम्ही कधी केले नाहीत. केले असते तर नोटा निम्म्या झाल्या असत्या. आणि लक्षात राहतो म्हणून लोकांना तो हवाच असतो असंही नाही, आमच्या गावात तीन अर्जुन आहेत, पोराचं नाव कर्ण कोणीच ठेवलं नाही.

अजून एक, जे मला फार उशिरा दिसलं. कर्ण पडल्यावर शल्य त्याच रथातून माघारी जातो, ध्वज तुटलेल्या. म्हणजे चाक निघालं! हे मी दादाला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "वझं उतरलं ना बावा रथावरचं."

यंदाच्या मंडईसाठी त्याच्या पोराला मी कर्ण शिकवणार होतो, चाक किती पुरायचं तेही दाखवलं. पोरगा म्हणतो, काका, मले अर्जुनच द्या, पाठ कमी आहे.