दुबईचं बिल रुपयात करावं का?

प्रश्न (उद्यमबाग, बेळगाव): आमचं मशीनशॉप आहे, पंपाची कास्टिंग्ज दुबईला जातात. बँकवाले म्हणतात, आता रुपयात बिल करा. डॉलर सोडून फायदा किती?

समजा माल ५०,००० डॉलरचा आहे, डॉलर ८५ रुपयांना आहे आणि उधारी तीन महिन्यांची. डॉलर आले की बँक बाजारापेक्षा थोडा कमी दर लावते. हा फरक ३० पैसे धरला तर १५,००० रुपये गेले. रुपयात बिल केलंत तर ते वाचतात. शिवाय तुमची मजुरी, वीज, कच्चं लोखंड सगळं रुपयातच, त्यामुळे हातात किती येणार हे पहिल्याच दिवशी ठरतं.

पण इथेच बरेच जण चुकतात. आजच्या ८५ च्या दराने ४२ लाख ५० हजारांचं बिल फाडतात. तीन महिन्यांत डॉलर ८७ झाला, तर डॉलरच्या बिलावर एक लाख जास्त मिळाले असते. रुपयाच्या बिलात तो लाख खरेदीदाराच्या खिशात जातो, कारण त्याला तेवढेच रुपये आता कमी दिरहमात मिळतात. म्हणून बिल करण्याआधी बँकेकडून तीन महिन्यांचा फॉरवर्ड दर घ्या, म्हणजे तीन महिन्यांनी येणाऱ्या डॉलरसाठी बँक आजच पक्का करून देते तो दर. तो ८५.४० असेल तर ४२ लाख ७० हजार मागा. हे २०,००० मागायला संकोच करू नका. डॉलरचं बिल करून तुम्ही फॉरवर्ड विकला असता, तरी ते बहुतांशी मिळालेच असते.

प्रश्न (चिकोडी): दुबईचा माणूस एवढे रुपये आणणार कुठून?

रिझर्व्ह बँकेने ११ जुलै २०२२ रोजी परिपत्रक काढून ही वाट मोकळी केली. परदेशी बँक भारतातल्या बँकेत रुपयाचं खास खातं उघडते, त्याला वोस्ट्रो खातं म्हणतात. भारतीय आयातदार तिकडून घेतलेल्या मालाचे रुपये त्यात भरतो आणि त्याच खात्यातून इथल्या निर्यातदाराचं बिल भागतं. अमिरातीशी भारताचा याबाबतचा करार जुलै २०२३ मध्ये झाला. पुढच्याच महिन्यात इंडियन ऑइलने अबुधाबीच्या तेल कंपनीला सुमारे दहा लाख पिंप तेलाचे पैसे रुपयात दिले.

अडचण अशी की दिरहम डॉलरलाच बांधलेला आहे, एका डॉलरला ३.६७२५. रुपया-दिरहमचा दर अजून बहुतेक डॉलरवरूनच काढला जातो. खात्यात रुपये शिल्लक नसतील, तर तिकडची बँक ते विकत घेते आणि दिरहमचे डॉलर, डॉलरचे रुपये अशा दोन्ही अदलाबदलींचा खर्च खरेदीदाराच्या दरात मिसळते. मग तो तुमच्याकडे सूट मागतो. म्हणून त्याला आधीच विचारा: तुझ्या बँकेचं वोस्ट्रो खातं भारतात कोणत्या बँकेत आहे? उत्तर आलं नाही, तर डॉलरच बरा. आपल्याकडेही ही माहिती गावातल्या शाखेत मिळेलच असं नाही, परकीय चलनाचं काम पाहणाऱ्या शाखेतच विचारावं लागतं.

प्रश्न (खानापूर): खरेदीदाराऐवजी दुबईत नोकरीला असलेल्या भावाच्या खात्यातून रुपये आले तर चालतील का?

असं करू नका. माल एकाला, पैसे तिसऱ्याकडून, असं झालं की बँक कागद मागत बसते आणि ई-बीआरसी, म्हणजे निर्यातीचे पैसे आल्याचा बँकेचा दाखला, अडकते. निर्यातीच्या नोंदींत तुमचं कस्टम्सकडे भरलेलं शिपिंग बिल उघडं राहतं, म्हणजे पैसे यायचे बाकी दिसतात. वोस्ट्रोमार्गे आलेल्या रुपयांना निर्यातीच्या सवलती मिळाव्यात म्हणून सरकारने नोव्हेंबर २०२२ मध्ये नियम बदलले. ती सवलत आडवाटेने घालवू नका.

प्रश्न (निपाणी): रशियाचे रुपये आपल्या बँकांत पडून राहिले म्हणतात. त्यांना आपला पैसा नको आहे का?

रुपये त्यांना चालतात, पण ते खर्च कशावर करायचे हा प्रश्न आहे. आपण त्यांच्याकडून तेल प्रचंड घेतो आणि ते आपल्याकडून फारच थोडं घेतात. मे २०२३ मध्ये गोव्यात त्यांच्या परराष्ट्रमंत्र्यांनी, अब्जावधी रुपये साठले आहेत आणि ते वापरता येत नाहीत, हे उघड सांगितलं. रुपया कुठेही मोकळेपणाने बदलता येत नाही, त्यामुळे या रुपयांनी तिसऱ्या देशाचा माल घेणं सोपं नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने अशा खात्यांतली सगळी जादा शिल्लक सरकारी रोख्यांत गुंतवायला परवानगी दिली. व्याज सुरू होतं, पण व्यापारातली तफावत तशीच राहते. माझ्या मते दोन देशांच्या चलनातल्या व्यापाराची खरी मर्यादा हीच आहे.

सोव्हिएत काळात रुपयातला व्यापार कित्येक वर्षं चालला, कारण ते चहा, कॉफी, तंबाखूही भरपूर घेत. अर्थात निपाणीची विडीची तंबाखू नव्हे, आंध्रकडची सिगारेटची. ज्या देशाकडे असे रुपये साठलेत, तिथे तुमचं रुपयाचं बिल लवकर भागू शकतं. फक्त रशियाच्या बाबतीत निर्बंधांच्या धास्तीने काही भारतीय बँका व्यवहारच हाती घेत नाहीत. तेव्हा ऑर्डर घेण्याआधी आपल्या बँकेची लेखी तयारी हातात असू द्या.