हॉटेलचं बिल एकीने भरून मैत्रिणींमध्ये ॲपवर कसं वाटायचं?

प्रश्न: मुलाने नुकतंच माझ्या मोबाईलवर पेमेंट ॲप सुरू करून दिलंय. रविवारी आम्ही पाच मैत्रिणी विजयनगरला जेवायला जाणार आहोत. बिल मी भरणार आणि मग सगळ्यांत वाटायचं असं ठरलंय. ॲपमध्ये ‘स्प्लिट’ असतं म्हणतात, पण ते वापरायचं कसं? माझ्या खात्यातून जास्त पैसे तर जाणार नाहीत ना? — इंदूर

उत्तर:

मीही इंदूरचीच. आमच्या ग्रुपचा जेवणाचा हिशोब गेली काही वर्षं माझ्याकडेच असतो, त्यामुळे जे रोज करते तेच सांगते.

आधी भीतीचं बोलू. स्प्लिट कुणाच्याही खात्यातून पैसे काढत नाही, तुमच्याही नाही आणि मैत्रिणींच्याही नाही. ते फक्त हिशोब मांडतं आणि प्रत्येकीला तिचा आकडा दाखवतं. पैसे हलतात ते ती स्वतः ‘पे’ दाबून तिचा पिन टाकते तेव्हाच. पूर्वी यूपीआयमध्ये एका माणसाने दुसऱ्याला पैशांची मागणी पाठवायची सोय होती. समोरच्याने ती उघडून पिन टाकला की त्याच्या खात्यातून पैसे जायचे. त्यात फसवणूक फार होऊ लागली, म्हणून १ ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्ती-व्यक्तींमधली ही सोय बंद झाली. आता ज्याला द्यायचे आहेत त्यानेच पाठवायचे. म्हणून एक गोष्ट पक्की धरा: पैसे घेताना पिन कधीच लागत नाही. बिल वाटून झाल्यावर, “ताई, तुमचे पैसे आलेत, पिन टाकून घ्या” असं कुणी म्हणालं, तर तो माणूस तुम्हाला पैसे देत नसून तुमचे काढत असतो. पिन लागतो तो फक्त तुम्ही पैसे देताना (आणि बॅलन्स बघताना).

आता रविवारचं. काउंटरवर बिल एकीनेच भरायचं. पाचजणींनी पाच वेळा क्यूआर स्कॅन केला तर काउंटरवाल्याचाही गोंधळ होतो आणि कुणाचे आले, कुणाचे राहिले हे शोधत बसावं लागतं. स्कॅन केल्यावर रक्कम टाकण्याआधी वर आलेलं नाव वाचा. ते बँकेत नोंदवलेलं नाव असतं, त्यामुळे पाटीवरच्या नावापेक्षा वेगळं असू शकतं, मालकाचंही असू शकतं. शंका आली तर काउंटरवर विचारा, “हेच नाव का?” त्यांना याची सवय असते.

तुमचं ॲप अगदी नवीन असेल तर एक अडचण येऊ शकते. नव्याने सुरू केलेल्या यूपीआयवर पहिल्या २४ तासांत साधारण ५,००० रुपयांपर्यंतच व्यवहार होतात. फोन किंवा सिम बदलल्यावरही हे होतं. रविवारी जेवायचं असेल तर शनिवारी सकाळच्या आत सगळं सुरू झालेलं असू द्या, आणि कुणालातरी दहा रुपये पाठवून बघा, म्हणजे पिन पाठ आहे की नाही तेही कळेल.

वाटणीचा खरा विचार बिल हातात आल्यावर करायचा, ॲप उघडल्यावर नाही. मागे आम्ही पाचजणी अशाच जेवायला गेलो होतो. सूप, दोन भाज्या, दाल, रोट्या, पुलाव, शेवटी गुलाबजाम. सुषमाची त्या दिवशी चतुर्थी होती, तिने फक्त मोसंबीचा रस घेतला, १२० रुपयांचा. बिल असं होतं: जेवण २,१२० आणि रस १२०, म्हणजे २,२४०. त्यावर ५ टक्के जीएसटी ११२ (बिलावर तो ५६ आणि ५६ असा दोन ओळींत दिसतो, एक केंद्राचा, एक राज्याचा). एकूण २,३५२.

आता पाच भाग केले तर प्रत्येकी ४७०.४० येतात. सुषमाने उपवासाला रस पिऊन ४७० रुपये द्यायचे, हे मला पटत नाही. ती “चालतं गं” म्हणेल, पण पुढच्या वेळी येताना विचार करेल. म्हणून तिचे फक्त तिने घेतलेल्याचे: १२० आणि त्यावरचा ५ टक्के कर ६, म्हणजे १२६. कर विसरू नका, तो प्रत्येकीच्या पदार्थामागे जातो. उरले २,२२६, ते चौघींत ५५६.५० प्रत्येकी. पैशांचा घोळ नको म्हणून दोघींना ५५६ आणि दोघींना ५५७ लावले, बेरीज बरोबर २,२२६ होते.

बिलावर ‘सर्व्हिस चार्ज’ अशी वेगळी ओळ दिसली तर ती वाटणीआधीच बघा. तो कर नाही, हॉटेल स्वतः लावतं, आणि तो देणं ऐच्छिक आहे. नको असेल तर पैसे भरायच्या आधी काढून द्यायला सांगता येतं.

मग ॲप. बटणांची नावं ॲपप्रमाणे थोडी बदलतात, पण वाट सगळीकडे जवळपास एकच असते. संपर्कांच्या यादीतून चौघींना निवडून एक ग्रुप करा, नाव द्या, ‘रविवार जेवण’ चालेल. ग्रुप उघडला की ‘स्प्लिट’ किंवा ‘खर्च वाटा’ असा पर्याय येतो. काही ॲपमध्ये काउंटरवर केलेला व्यवहार उघडला की तिथेच हे बटण मिळतं. तिथे एकूण रक्कम टाकायची: २,३५२, म्हणजे पूर्ण बिल, तुमचा हिस्सा धरून. ॲप समान वाटणी दाखवेल. मग सुषमाच्या नावासमोरचा आकडा दाबून १२६ करा. काही ॲप बाकीची रक्कम इतरांत आपोआप वाटतात, काहींत हाताने टाकावी लागते. खाली बेरीज २,३५२ जुळली की पाठवा.

इथे एक जागा नीट बघायची असते. यादीत तुमचंही नाव असतं आणि त्यासमोर खूण असते. ती खूण चुकून निघाली तर सगळं बिल बाकी चौघींच्या अंगावर पडतं. समान वाटणीत ते लगेच ओळखता येतं: ४७०.४० ऐवजी ५८८ दिसले, की समजा ॲप पाचाऐवजी चारने भागतंय. तुमची खूण परत लावा. पाठवल्यावर दुरुस्त करण्यापेक्षा पाठवण्याआधी हे बघणं सोपं, कारण एकदा आकडा चौघींच्या फोनवर गेला की कुणीतरी तो लगेच भरून टाकतं.

पाठवल्यावर प्रत्येकीला तिच्या फोनवर तिचा आकडा आणि ‘पे’ दिसेल. ती देईल तसतसं ग्रुपमध्ये तिच्या नावासमोर ‘पेड’ येतं आणि तुमच्या खात्यात पैसे जमा होतात. कुणी यूपीआय लाइट वापरत असेल तर १,००० रुपयांपर्यंतची छोटी रक्कम तिच्याकडून पिनशिवायही जाते. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, तो तिचाच आधी भरून ठेवलेला पैसा असतो. आणि कुणी “क्रेडिट कार्डाच्या यूपीआयने देते” म्हणाली तर ते जमणार नाही. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडलेलं असलं तरी ते दुकानदाराला देण्यासाठीच चालतं, मैत्रिणीला पाठवायला नाही. तिला बँक खातं निवडायला सांगा.

आता नेहमीचा पेच: पाचजणींचं ॲप एक नसतं. यूपीआयचे पैसे कुठल्याही ॲपमधून कुठल्याही ॲपमध्ये जातात, पण स्प्लिटचा ग्रुप मात्र त्या-त्या ॲपच्या आतलाच असतो. ज्या मैत्रिणीचं ॲप वेगळं असेल तिला ग्रुपमध्ये ओढायचा खटाटोप करू नका. तुमच्या प्रोफाइलमधला ‘माझा क्यूआर’ टेबलावरच तिच्यासमोर धरा, ती स्कॅन करून ५५७ पाठवेल. काही ॲपमध्ये क्यूआरमध्येच रक्कम भरून ठेवता येते, मग तिला आकडा टाइप करावा लागत नाही.

पण असे बाहेरून आलेले पैसे ग्रुपला कळत नाहीत. तिचं नाव ग्रुपमध्ये असेल तर समोर ‘बाकी’च दिसत राहतं. रोखीने दिले तरी तेच. मग आठवण जाते, आणि बिचारी दुसऱ्यांदा पाठवते. म्हणून तिच्या नावावर जाऊन ‘मिळाले’ अशी खूण तुम्हीच करा किंवा तिच्यापुरती मागणी बंद करा. आठवण पाठवायचीच झाली तर मी आधी फोन करते, बटण दाबत नाही. आमच्या वयाच्या बायकांना मोबाईलवर “तुमचे ५५६ रुपये बाकी” असं आलेलं आवडत नाही, आणि बहुतेक वेळा त्यांना ते सापडलेलंच नसतं.

पैसे आले की नाही हे मैत्रिणीने दाखवलेल्या हिरव्या खुणेवर ठरवू नका, तुमच्या बँकेच्या मेसेजवर किंवा ॲपमधल्या खात्याच्या इतिहासावर बघा. तिच्याकडून गेले आणि तुमच्याकडे आले नाहीत असं झालं, तर प्रत्येक व्यवहाराला १२ आकडी यूटीआर नंबर असतो, तो तिच्याकडून घ्या आणि तिच्या बँकेला कळवायला सांगा. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमाप्रमाणे असे अडकलेले पैसे व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत तिच्या खात्यात परत जायला हवेत. त्यापुढे उशीर झाला तर रोजचे १०० रुपये बँकेने तिला द्यायचे असतात.

हाच प्रकार काउंटरवर झाला, म्हणजे तुमचे २,३५२ कापले गेले आणि हॉटेलवाला “आले नाहीत” म्हणाला, तर लगेच पुन्हा स्कॅन करू नका. स्क्रीनवर ‘पेंडिंग’ आहे का बघा, दोन-चार मिनिटं थांबा, त्याला यूटीआर दाखवा. तरी नाहीच आले तर दुसऱ्या मैत्रिणीला भरू द्या, आणि स्प्लिट तिच्या फोनवरून करा. तुमचे अडकलेले पैसे दुकानाच्या व्यवहारात पाच दिवसांच्या आत परत यायला हवेत, त्यापुढे तोच १०० रुपयांचा नियम. सहाव्या दिवशीही आले नाहीत तर ॲपमध्ये तो व्यवहार उघडून तक्रारीचं बटण दाबा आणि बँकेत तोच यूटीआर सांगा.