लग्नाच्या आदल्या संध्याकाळी पाहुण्यांना पाठवायचा मेसेज : कोकणातल्या घरच्या लग्नासाठी

प्रश्न : बहिणीचं लग्न गुहागरजवळच्या गावी, घरच्याच अंगणात आहे. आदल्या संध्याकाळी सगळ्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर मुहूर्त, पार्किंग आणि जेवणाची माहिती पाठवायची आहे. नेमकं काय लिहू? किती लिहू?

उत्तर :

आमच्या वाडीत, गुहागर तालुक्यातच, लागोपाठ दोन वर्षं मे महिन्यात दोन चुलत बहिणींची लग्नं झाली. दोन्ही वेळी हा मेसेज मीच लिहिला. पहिल्या वेळी तो चुकला आणि दुसऱ्या वेळी बरोबर आला. त्या दोहोंत फरक कशाचा होता ते सांगतो, म्हणजे तुम्हाला तुमचा मेसेज बेतता येईल.

पहिल्या लग्नाच्या मेसेजमध्ये मी नकाशाची लिंक घराची दिली होती. आमचं घर सड्याच्या उतारावर आहे. डांबरी रस्ता वर सड्यावरून जातो आणि तिथून खाली एक गाडी जेमतेम जाईल असा जांभ्याच्या गडग्यांमधला रस्ता. तो आमच्या आगराशी संपतो, पुढे पाखाडी. मोबाईल पाहुण्यांना थेट त्या टोकाला घेऊन आला. तिथे गाडी वळवायला जागा नाही. साडेअकरापर्यंत खाली अकरा गाड्या एकामागे एक उभ्या होत्या आणि बाराव्या गाडीत नवरदेवाचे आईवडील होते. ती दोघं भर उन्हात चालत मांडवात आली, तेव्हा मंगलाष्टकं सुरू झाली होती. आत्याच्या डोळ्यांत तेव्हा पाणी आलं, ते मला अजून आठवतं.

म्हणून पहिली गोष्ट : मेसेजमधली लिंक मांडवाची नको, गाडी जिथे उभी राहणार तिथली हवी. घराची लिंक त्यात कुठेही नको, कारण दोन लिंक दिल्या तर माणूस घराचीच दाबतो.

पार्किंगसाठी आम्ही दुसऱ्या वर्षी सड्यावरचा कातळ घेतला. मळ्यात जागा भरपूर असते, पण मेच्या शेवटी वळवाची एक सर आली की लाल चिखलात चाकं रुततात. कातळावर तो प्रश्न नाही. गुहागरजवळ आहात म्हणून आणखी एक : पुळणीवर गाड्या लावा असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. आमचे खारवी शेजारी भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीच्या पाऊणपट केली की साधारण तितक्या वाजता भरती. पौर्णिमेला पंधराचे सव्वाअकरा होतात, म्हणजे उधाणाची भरती नेमकी मुहूर्ताच्या तोंडावर.

आता वेळा. मुहूर्त पाहुण्यांना सांगायचाच, पण त्यांनी काय करायचं ते मुहूर्तावरून कळत नाही. पत्रिकेत ११ वाजून ५२ मिनिटं छापलेलं असलं की माणूस ११:५२ ला पोचायच्या हिशोबाने निघतो. खरं तर भटजी लग्नराशीतला ठराविक नवमांश धरतात. एक राशी सुमारे दोन तास क्षितिजावर असते, तिचा नववा भाग म्हणजे तेरा मिनिटांच्या आसपास. ती वेळ पुढे ढकलता येत नाही, म्हणून मंगलाष्टकं दहाबारा मिनिटं आधी सुरू होतात आणि अक्षता त्याच्याही आधी वाटाव्या लागतात. म्हणजे पाहुणा साडेअकराला मांडवात बसलेला हवा.

तिथून मागे मोजत यायचं. आमच्याकडे सड्यावर चाळीसेक गाड्या येणार होत्या, म्हणजे अंदाजे एकशेचाळीस माणसं. खाली आणायला सहा आसनी रिक्षा दोन. एक फेरी, चढउतार धरून, आठ मिनिटांची. आठ मिनिटांत बारा माणसं, तर एकशेचाळीस माणसांना बारा फेऱ्या आणि दीड तासाहून जास्त वेळ. सगळे सव्वाअकराला आले असते तर शेवटची माणसं पावणेएकनंतर मांडवात पोचली असती. पाखाडीने उतरायला सहा मिनिटं लागतात, तेव्हा निम्मी माणसं पायी येतील असं धरलं. उरलेल्या सत्तर जणांना सहा फेऱ्या, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं. यावरून गाडी सड्यावर लावायची वेळ १०:३० ठरली. हा हिशोब तुम्ही तुमच्या अंतरावर, तुमच्या वाहनांवर करा, अंदाजाने वेळ लिहू नका. आदल्या दिवशी रिक्षावाल्याला सोबत घेऊन एक फेरी घड्याळ लावून मारा.

पण नुसतं १०:३० ला या म्हटल्याने कुणी येत नाही. माझ्या काकूने त्यावर उपाय सांगितला, "नाश्ता साडेदहाला संपतो असं लिही." घावन, नारळाची चटणी आणि चहा ९ ते १०:३०. एवढ्याने निम्म्याहून अधिक गाड्या दहाच्या आत सड्यावर लागल्या.

आता दुसऱ्या वर्षीचा मेसेज जसाच्या तसा देतो, फक्त नावं आणि नंबर काढून :

सप्रेम नमस्कार. उद्या आमच्या घरी लग्न आहे, आपण अगत्याने यावे.

*मुहूर्त ११:५२.* अक्षता ११:३५ ला वाटल्या जातील. ११:३० ला मांडवात बसलेले असावे.

*गाडी १०:३० पर्यंत सड्यावर लावावी.* लिंक पार्किंगची आहे, घराची नाही : (लिंक)
गाडी खाली घराकडे नेऊ नये, वळवायला जागा नाही. सड्यावरून रिक्षा आहे. चालत आल्यास पाखाडीने ६ मिनिटे.

चिपळूणकडून : शृंगारतळी सोडल्यावर (आमचा फाटा), तिथे भगवा झेंडा आणि आमचा माणूस असेल. तिथून ३ कि.मी. सरळ.
रत्नागिरीकडून जयगड–तवसाळ फेरीने येणाऱ्यांनी आजच फेरीची वेळ पाहून ठेवावी.

*नाश्ता* ९ ते १०:३०. *पहिली पंगत १२:४५.* मधुमेह असलेले, लहान मुलं आणि परतीची गाडी असलेले यांनी पहिल्या पंगतीला बसावे.
उपवास असल्यास आज रात्री ८ पर्यंत कळवावे.

उद्या फोन : रस्त्यासाठी (नंबर), पार्किंगसाठी (नंबर). घरचे फोन उचलता येणार नाहीत.

एवढंच. मोबाईलवर दीड पडदा होतो. मेसेज लांब गेला की खाली 'अधिक वाचा' येतं आणि पुढचं वाचायला कुणी ते दाबत नाही, म्हणून पार्किंगचा मजकूर वरच्या भागात ठेवला. जेवणाचा पूर्ण मेनू आम्ही लिहिला नाही. अळूचं फदफदं, काजूची उसळ आणि आमरस पानात आल्यावर पाहुण्यांना होणारा आनंद आदल्या रात्री खर्च का करायचा?

उपवासाची वेळ रात्री ८ ठेवण्याला कारण आहे. आचारी साबुदाणा रात्री भिजत घालतो. सकाळी कळलं तर त्याला काही करता येत नाही आणि उपवासवाल्याच्या हाती दोन केळी येतात. पंगतीचंही तसंच. आमच्या मांडवात एका वेळी शंभर पानं बसत होती आणि एक पंगत उठून पुन्हा पानं मांडेपर्यंत पाऊण तास जायचा. तिसऱ्या पंगतीला सव्वादोन वाजणार हे आम्हाला ठाऊक होतं, पण गोळ्या घेणाऱ्या माणसाला ते आधी कळायला हवं. आमच्या एका वयस्कर मामांना पहिल्या लग्नात याच कारणाने घेरी आली होती. पहिल्या पंगतीचं वाक्य त्यांच्यासाठी घातलं.

फाट्यावरची खूण शब्दांत लिहिणंही टाळू नका. आमच्या वाडीत रेंज येत नाही आणि नेट नसताना लिंक उघडत नाही. फाट्यावर झेंडा धरून उभा असलेला माणूस मात्र सगळ्यांना दिसतो. त्याला सकाळी साडेआठलाच उभं करा, बरोबर पाण्याची बाटली आणि छत्री द्या. फोन घेणारी दोन माणसं घरातली नकोत, आणि जिथे रेंज आहे तिथेच उभी हवीत. आमचा पार्किंगवाला भाऊ सड्यावरून हलला नाही, म्हणून त्याचा फोन प्रत्येकाला लागला.

पाठवण्याची वेळ संध्याकाळी ५ ते ६. मुंबईहून रात्रीच्या रेल्वेने चिपळूणला उतरणारे, पुण्याहून कुंभार्ली घाटाने येणारे, हे सगळे निघण्याआधी तो वाचतात. रात्री दहाला पाठवलात तर कोकण रेल्वेच्या बोगद्यांत तो त्यांना वेळेवर मिळेलच असं नाही.

पाठवण्याआधी दोन कामं. भटजींना फोन करून मुहूर्त वाचून दाखवा आणि तो पत्रिकेशी ताडून पाहा. माझ्या भावाने ११:५२ ऐवजी ११:२५ टाईप केलं होतं, ते भटजींनीच पकडलं. पाठवल्यावर चूक दिसली तर पंधरा मिनिटांच्या आत मेसेज दुरुस्त करता येतो, नंतर नाही. दुसरं, आधी वाट न माहीत असलेल्या एका मित्राला मेसेज पाठवून लिंकवर गाडी घेऊन यायला सांगा. आमचा मित्र शेजारच्या वाडीत पोचला, तेव्हा कळलं की लिंकची खूणच शंभर पावलं चुकली आहे.

ब्रॉडकास्ट यादीतून पाठवणार असाल तर ज्यांच्या फोनमध्ये तुमचा नंबर साठवलेला नाही, त्यांना तो मिळत नाही. नवऱ्याकडच्या बहुतेकांकडे तुमचा नंबर नसणार. त्यांच्या घरातल्या एका माणसाला मेसेज द्या आणि त्यांच्या ग्रुपवर टाकायला सांगा. आणि रात्री नऊला यादी उघडून बघा, ज्यांच्यापुढे अजून एकच खूण आहे त्यांना फोन करा. आमच्याकडे असे सतरा जण निघाले, त्यांतले बहुतेक सत्तरीच्या पुढचे. त्यांना काकूने एकेक करून फोनवर सगळं सांगितलं आणि प्रत्येकाकडून 'सड्यावर, घराकडे नाही' हे म्हणवून घेतलं.