५०% धोका वाढला म्हणजे नक्की किती वाढला?

प्रश्न: बातमीत वाचलं की एका औषधाने रक्तात गुठळी व्हायचा धोका ५०% वाढतो. डॉक्टर म्हणतात किरकोळ आहे, गोळी चालू ठेवा. दोघांपैकी खरं कोण बोलतंय?

दोघंही खरं बोलत असतील, फक्त बातमीत अर्धीच गोष्ट आलीय. ५०% वाढला म्हणजे आधी जेवढा धोका होता त्याच्या निम्मा अजून वाढला, पण आधी किती होता हेच सांगितलं नाही तर त्या ५०% वरून काहीच कळत नाही. दहा हजारांत दोघांना होणारी गोष्ट तिघांना व्हायला लागली तर ती ५०% वाढ, म्हणजे दहा हजारांमागे एक माणूस जास्त. आणि शंभरात वीस जणांना होणारी गोष्ट तीस जणांना व्हायला लागली तर तीही ५०% वाढच, पण इथे दर दहा माणसांमागे एक जास्त, हा धोका खरंच मोठा आहे. "५०% वाढला" अशा आकड्याला सापेक्ष धोका म्हणतात आणि "दहा हजारांमागे एक" याला निरपेक्ष धोका, आणि गोळी घ्यायची की नाही हे ठरवायला दुसरा आकडा लागतो.

तुम्ही गुठळीचंच विचारलंय म्हणून ब्रिटनमधली १९९५ ची गोष्ट सांगतो, कारण एवढ्या एका आकड्याने काय होऊ शकतं ते त्यात दिसतं. ऑक्टोबरमध्ये तिथल्या औषध सुरक्षा समितीने डॉक्टरांना पत्र पाठवलं की तेव्हा नव्या असलेल्या, म्हणजे तिसऱ्या पिढीच्या, गर्भनिरोधक गोळ्यांनी शिरेत गुठळी व्हायचा धोका जुन्या गोळ्यांच्या साधारण दुप्पट आहे. दुप्पट म्हणजे १०० टक्के वाढ, तुमच्या बातमीतल्यापेक्षाही जास्त, आणि पेपर-टीव्हीवर तेवढंच गाजलं, आणि घाबरून कित्येक बायकांनी गोळी बंद करून टाकली, काहींनी तर पाकीट अर्धवट असतानाच.

आता हेच आकडे माणसांत मोजून बघा. गोळी न घेणाऱ्या एक लाख तरुण बायकांत वर्षाला साधारण ५ जणींना गुठळी व्हायची, जुनी गोळी घेणाऱ्यांत १५, नवी घेणाऱ्यांत ३०. म्हणजे ती "दुप्पट" वाढ लाखामागे १५ जणींची, साधारण सात हजारांत एक. त्यातही गुठळी झालेल्या शंभरातल्या एक-दोन जणीच दगावायच्या, म्हणजे मृत्यूचा वाढीव धोका काही लाखांत एकीला. आणि गरोदरपणात? लाखामागे ६०! गोळी सोडून दिवस गेले की गुठळीचा धोका गोळीपेक्षा जास्त, आणि हे त्या घाबरलेल्या बायकांपर्यंत कुणी धड पोचवलंच नाही. पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये नेहमीपेक्षा अंदाजे १३ हजार गर्भपात जास्त झाले. मला याचा अजूनही फार राग येतो, कारण लाखामागचा आकडा आणि त्याच्या शेजारी गरोदरपणाचा आकडा एवढं छापायला दोन ओळी पुरल्या असत्या.

अर्थात समितीचं चुकलं होतं असं नाही हं. लाखो बायका गोळी घेत असतील तर लाखामागे १५ म्हणजे देशभरात बऱ्याच केसेस होतात, आणि नवीन सुरू करणारीला जुनी गोळी द्या हा सल्ला योग्यच होता. देशाचा हिशोब वेगळा आणि एका बाईचा वेगळा, बातमीत दोन्ही एकत्र होतात.

तुमच्या बातमीचंही असंच तपासा. मूळ अभ्यासाचं नाव सहसा बातमीत असतं, ते शोधून त्याचा सारांश उघडा. तिथे HR 1.50 किंवा RR 1.50 असं दिसेल, म्हणजे न घेणाऱ्यांच्या दीडपट धोका, तेच ते ५०%. मग औषध न घेतलेल्या गटात किती जणांपैकी किती जणांना गुठळी झाली आणि किती काळात झाली ते बघा, कारण वर्षभराचा धोका आणि दहा वर्षांचा धोका यात खूप फरक आहे. त्या आकड्याचा निम्मा काढला की तुम्हाला हवी असलेली वाढ मिळते. न घेतलेल्या गटाचा आकडा बातमीतही नाही आणि सारांशातही नाही, तर डॉक्टरांनाच सरळ विचारा, "हजारात किती होते आणि आता किती?"

आणि एक विचारायचं राहू देऊ नका: तुमचा स्वतःचा मूळ धोका. आईला किंवा भावंडांना कधी गुठळी झाली असेल, तुम्हाला आधी झाली असेल, नुकतंच मोठं ऑपरेशन झालं असेल, तर तुमची सुरुवातच मोठ्या आकड्यापासून आहे आणि मग तेच ५०% तुमच्यासाठी किरकोळ राहत नाही. डॉक्टरांना हे माहीत नसेल तर त्यांचं "किरकोळ" सरासरी माणसाबद्दल आहे, तेव्हा आधी हे सांगा आणि मग गोळीचं ठरवा, तोवर स्वतःहून बंद करू नका.