पहिलं लेक्चर बुडवणारे सर्व्हेत सापडणार कसे?

प्रश्न: रिसर्च मेथडॉलॉजीची असाइनमेंट आहे. लांबून येणाऱ्यांचं पहिलं लेक्चर जास्त बुडतं का, हे बघायचंय. कॉलेज ठाण्यात, आमच्या शाखेत १२०० विद्यार्थी. प्रश्नावली कशी करू, किती जणांना विचारू? कँटीनमध्ये फॉर्म वाटले तर चालेल?

कँटीनमध्ये वाटू नका. तिथे भेटतात ती त्या दिवशी कॉलेजला आलेली मुलं. बदलापूरहून निघालेली आणि लोकल चुकली म्हणून घरी परतलेली मुलगी तिथे नसते, आणि तुमचा विषय तर तीच आहे. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिंक टाकलीत तरी तेच होतं, एरवीही वर्गात दिसणारेच ती भरतात. मी ठाण्यातच हा विषय शिकवते आणि ही चूक दर वर्षी बघते.

आधी ऑफिसकडून रोल नंबरच्या याद्या मागा, नावं नकोत. समजा प्रथम वर्षात ४८०, द्वितीयमध्ये ४०० आणि तृतीयमध्ये ३२० जण आहेत. एका वर्षाच्या सगळ्या तुकड्या एकाखाली एक लावून सलग क्रमांक द्या. मग १ ते १० मधली एक चिठ्ठी उचला. ७ आला तर प्रत्येक वर्षाच्या यादीतून ७, १७, २७ असा दर दहावा घ्या. ४८, ४० आणि ३२ मिळून १२० जण होतात, आणि प्रत्येक वर्षाला त्याच्या संख्येइतका वाटा आपोआप मिळतो.

१२० का, हे व्हायव्हात विचारतील. यामाने यांच्या n = N / (1 + N × e²) या सूत्राने ५ टक्के चूक, म्हणजे e = ०.०५, चालवून घ्यायची तर एकूण संख्या N = १२०० साठी n = ३०० जण लागतात. दोघांतिघांच्या गटाला तेवढ्यांच्या मागे फिरणं झेपत नाही. १२० घेतले तर चुकीची मर्यादा सुमारे ९ टक्क्यांवर जाते, ते अहवालात सरळ लिहा. मात्र तृतीय वर्षाच्या ३२ जणांवरून 'तृतीय वर्षवाले जास्त दांड्या मारतात' असं म्हणू नका, तेवढ्या संख्येत तो फरक नुसत्या योगायोगानेही दिसू शकतो.

आता खरी कसोटी. यादीतला २७ नंबर वर्गात नाही, मग २८ ला विचारायचं का? अजिबात नाही. गैरहजराच्या जागी हजर मुलगा बसवलात की कँटीनचीच चूक मागच्या दाराने आत येते. वेगवेगळ्या दिवशी तीनदा शोधा, वर्गप्रतिनिधीकडून निरोप पाठवा. तरीही नाही मिळाला तर 'प्रतिसाद नाही' म्हणून मोजा. असे किती जण राहिले तो आकडा अहवालात हवाच, कारण बुडवणाऱ्यांचं खरं प्रमाण तुमच्या उत्तरापेक्षा बहुधा थोडं जास्तच असणार. कोणी भरलं याची खूण यादीवर करा. फॉर्मवर नंबर नको, भरलेला फॉर्म बंद खोक्यात टाकू द्या. नाव कळणार असेल तर दांडीबद्दल कोण खरं लिहील?

प्रश्नावलीत 'तुम्ही नियमित येता का?' विचारलंत तर सगळे हो म्हणतील. त्याऐवजी सगळ्यांना एकाच ठरावीक आठवड्याबद्दल विचारा: त्या सहा दिवसांत पहिलं लेक्चर किती दिवस झालं, त्यातल्या किती दिवशी तुम्ही बसलात? पावसाने मध्य रेल्वे कोलमडली तो किंवा परीक्षेचा आठवडा निवडू नका.

'लांब' म्हणजे काय, हेही ठरवावं लागतं. राहण्याचं ठिकाण विचारून भागत नाही. घोडबंदर रोडवरचा कासारवडवलीचा मुलगा नकाशावर जवळ दिसतो, पण सकाळी ट्रॅफिकमध्ये अडकला तर डोंबिवलीहून फास्ट लोकलने येणारी त्याच्या आधी पोचते. म्हणून अंतर नको, वेळ विचारा.

तोही नीट विचारा. माझ्या एका गटाने 'प्रवासाला किती वेळ लागतो?' हा प्रश्न आधी आठ जणांवर करून पाहिला. कल्याणच्या एकीने २५ मिनिटं लिहिली. शेजारी बसून विचारलं तेव्हा कळलं, तिने फक्त गाडीतला वेळ धरला होता. घर ते स्टेशन शेअर रिक्षा, प्लॅटफॉर्मवरची वाट आणि ठाण्याला उतरून चालणं मिळवलं तर ७० मिनिटं होत होती. तिच्याच इमारतीतल्या मैत्रिणीने थेट ७० लिहिली होती. गटाने त्या प्रश्नाचे दोन केले: घरातून किती वाजता निघालात, कॉलेजच्या गेटवर किती वाजता पोचलात. वजाबाकी त्यांनी स्वतः केली.

तुम्हीही छापण्याआधी आठदहा जणांकडून फॉर्म भरून घ्या आणि पेन कुठे थांबतं ते बघा. हे आठदहा जण तुमच्या १२० मधले नकोत.